जड स्क्वॉटआधी वॉर्मअपचे सेट किती, आणि वजन कसं चढवायचं?

हिंजवडीकर

नमस्कार मंडळी. माझा स्क्वॉट सध्या १४० किलोवर आहे, पाच-पाच रेपचे तीन सेट. मॅक्स कधी नीट काढलेला नाही, पण १६५ च्या आसपास असावा. अडचण १४० च्या सेटमध्ये नाही, त्याआधीच्या सेटमध्ये आहे असं मला वाटू लागलंय. सध्या असं करतो: रिकामा रॉड १५ रेप, ४० किलो १२, ६० किलो १०, ८० किलो १०, १०० किलो ८, १२० किलो ५, आणि मग १४०.

पहिल्या सेटला चौथ्या रेपपासूनच रॉड वर यायला वेळ लागतो. तिसऱ्या सेटला बऱ्याचदा तीनवरच थांबावं लागतं. जिममधला एक जण म्हणतो वॉर्मअप कमी पडतोय, आणखी एक सेट १३० चा घाल. दुसरा म्हणतो जास्त होतोय. दोघंही माझ्यापेक्षा जड मारतात, त्यामुळे कुणाचं ऐकावं कळत नाही.

विचारायचं एवढंच: सेट किती असावेत, प्रत्येक वेळी २० किलोच वाढवणं बरोबर आहे का, आणि रेप कशा कमी करत न्यायच्या? संध्याकाळी रॅकसाठी लोक थांबलेले असतात, तेही धरून सांगा.

वाशीकर

वॉर्मअपला बरेच जण कमी लेखतात, तुम्ही धागा काढलात ते बरं केलंत. मी आधी ट्रेडमिलवर १५ मिनिटं चालतो, मग मांडीच्या मागच्या शिरा, पोटऱ्या, जांघा यांना दोन-दोन मिनिटं ताण देऊन धरतो. अंग पूर्ण मोकळं झाल्याशिवाय रॉडला हात लावत नाही. वय ५२, गुडघे अजून शाबूत. तुमच्या वर्णनात ट्रेडमिल कुठेच दिसली नाही, कारण तेच असावं.

आकडेमोड

हिंजवडीकर, हे अंदाजाने करू नका, टक्क्यांनी करा. मॅक्स १६५ धरू. त्याच्या ५०, ६०, ७०, ८० आणि ९० टक्क्यांवर पाच-पाच रेप करा, म्हणजे साधारण ८२.५, १००, ११५, १३२.५ आणि १४७.५ किलो. वजन सारख्या अंतराने चढतं, शरीराला धक्का बसत नाही. रेप सगळीकडे पाचच, म्हणजे लक्षात ठेवायलाही सोपं. उद्या मॅक्स वाढला की सगळे आकडे आपोआप वर सरकतात.

तांबडीमाती

आकडेमोड, हिशेबाने चढायचं आणि वजन वाढलं की हिशेबही वाढायचा, हे तुमचं पटलं. पण टक्के कशाचे, ते तपासा. हिंजवडीकरांचा त्या दिवसाचा कामाचा सेट १४० चा आहे आणि तुमचा शेवटचा वॉर्मअप १४७.५ चा. तोही पाच रेप! त्याआधी १३२.५ वर पाच. ज्याला १४० चे तीन सेट पुरे करता येत नाहीत, त्याचा दिवस तिथेच संपेल. वॉर्मअपचे टक्के त्या दिवशीच्या कामाच्या वजनावर काढायचे, मॅक्सवर नाही. एखाद्या दिवशी हलके १२० मारायचे असतील, तर सगळी चढण १२० च्या हिशेबाने खाली येते.

आता मूळ प्रश्न. हिंजवडीकर, तुमचे वॉर्मअपचे आकडे मी गुणून पाहिले. रिकामा रॉड सोडला तरी ४० गुणिले १२, ६० गुणिले १०, ८० गुणिले १०, १०० गुणिले ८ आणि १२० गुणिले ५ मिळून ३,२८० किलो होतात. १४० चे तीनही सेट पूर्ण झाले, तर त्यांचे होतात २,१००. म्हणजे खऱ्या कामाच्या दीडपट काम तुम्ही कामाआधीच करून बसता. त्यातही १०० वर आठ आणि १२० वर पाच या १३ रेप महागात पडतात. त्यांत मांड्या भरून येतात, दम जातो आणि कंबरेच्या खालची पाठ थकते.

मी स्वतः पॉवरलिफ्टिंग करतो आणि सांगलीत थोडी मुलं शिकवतो. तुमच्याजागी कुणी आला तर त्याला हे देईन:

रिकामा रॉड ८ रेप, दोन वेळा
६० किलो ५ रेप
९० किलो ३ रेप
११० किलो २ रेप
१२५ किलो १ रेप
मग १४० चे कामाचे सेट

रॉड सोडून बेरीज होते ९१५ किलो. उड्या बघा: ४०, ३०, २०, १५ आणि शेवटी परत १५. खाली मोठ्या, वर लहान. ६० आणि ८० यांत तुमच्या अंगाला फारसा फरक कळत नाही, म्हणून तिथे २०-२० ने चढण्यात नुसत्या रेप वाया जातात. ११० आणि १४० यांतला फरक मात्र खांद्यावर घेतल्याक्षणी कळतो, तिथे मधली पायरी हवी. तुमच्या चढणीत सगळ्या पायऱ्या सारख्याच आहेत, म्हणजे खाली गर्दी झाली आणि वर कमी पडल्या.

रेप झपाझप कमी करायच्या, कारण खालच्या आणि वरच्या सेटचं काम वेगळं आहे. रॉड आणि ६० किलो हे अंग गरम करण्यासाठी आणि खुबा, घोटा मोकळा होण्यासाठी. तिथे रेप लागतात. ११० आणि १२५ हे वजनाची ओळख व्हावी म्हणून. रॅकमधून उचलणं, दोन-तीन पावलांत मागे येऊन उभं राहणं, पोटात श्वास भरून आवळणं, खाली जाणं, वर येणं. ही उजळणी एका रेपमध्ये होते. पाच केल्या तर उजळणी तेवढीच होते, थकवा मात्र पाचपट.

वाशीकर काका, ट्रेडमिलला हरकत नाही, पण ती चढणीची जागा घेत नाही. ट्रेडमिलवर अंग तापतं, १४० किलो पाठीवर असताना खाली बसण्याची तयारी होत नाही. हवं तर पाच मिनिटं सायकल चालवावी. आणि एकाच स्नायूला मिनिटापेक्षा जास्त वेळ ताण देऊन धरलं की थोड्या वेळापुरती त्याची ताकद उतरते, म्हणून लांब ताण स्क्वॉट झाल्यावर.

वाशीकर

ताणाचं हे मला माहीत नव्हतं. मी १०० च्या पुढे जात नाही, म्हणून जाणवलंही नसेल. ट्रेडमिल मात्र सोडणार नाही, पहाटे गुडघे तिच्याशिवाय चालू होत नाहीत.

हिंजवडीकर

तांबडीमाती दादा, बेरीज बघून डोळे उघडले. दोन शंका. १२० चे पाच काढून टाकले आणि १२५ चा एकच केला, तर १४० खांद्यावर घेतल्यावर एकदम जड वाटणार नाही का? आणि प्लेट बदलण्यातच वेळ जातो, आमच्याकडे २०, १५, १०, ५ आणि २.५ च्या आहेत. सेटच्या मध्ये थांबायचं किती?

तांबडीमाती

आधी प्लेटचं, कारण त्यावरच गर्दीच्या वेळी सगळं अवलंबून असतं. एकदा लावलेली प्लेट काढावी लागू नये अशी चढण बसवायची. एका बाजूचं सांगतो. ६० साठी २० ची. ९० साठी तिच्याबाहेर १५ ची. ११० साठी १० ची. १२५ साठी ५ आणि २.५. १४० साठी पुन्हा ५ आणि २.५. एका बाजूला एकूण ६० किलो झाले, दोन्हीकडचे १२० आणि रॉडचे २०. एकही प्लेट काढली नाही. २.५ ची एकच जोडी असेल तर १२५ ऐवजी १२० चा सिंगल घ्या: ११० नंतर फक्त ५ ची, मग १४० साठी १० ची. पाच किलोने बिघडत नाही.

थांबण्याचं म्हणाल तर रॉड, ६० आणि ९० यांच्यामध्ये प्लेट लावायला लागतो तेवढाच वेळ. ११० नंतर दीड-दोन मिनिटं. १२५ नंतर तीन ते चार, कारण त्यापुढे खरा सेट आहे. सगळं मिळून १२ ते १५ मिनिटांत १४० खाली उभे राहाल. हल्ली तुम्हाला नक्कीच जास्त लागत असणार.

आता १४० जड वाटेल का. पहिल्यांदा वाटेल, कारण आजवर तुम्ही थकून तिथे पोचत होता आणि थकव्यालाच तयारी समजत होता. कळायची खूण अशी. पहिला सेट जड गेला आणि दुसरा त्याहून सोपा, तर वॉर्मअप कमी पडला, बहुतेक वरच्या टोकाला. पहिला ठीक आणि तिसरा कोसळला, तर वॉर्मअप जास्त झाला, किंवा सेटमधली विश्रांती कमी पडली. तुमचं दुसऱ्या प्रकारात बसतं. म्हणून १३० चा आणखी एक सेट घालणं तुमच्यासाठी उलट ठरेल. सेटमध्ये किती थांबता ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेही सांगा.

हिंजवडीकर

दोन मिनिटं. लोक उभे असतात हो.

तांबडीमाती

पाच रेपच्या जड सेटला दोन मिनिटं कमी आहेत. मग तिसरा सेट पडण्यात विश्रांतीचाही वाटा असणार, वॉर्मअपला सगळा दोष नको. वॉर्मअपमध्ये जो वेळ वाचेल तो इथे घाला, चार मिनिटं घ्या. जो थांबलाय त्याला मधल्या वेळात रॅक वापरू द्या, वजन जवळपासचं असेल तर दोघांचंही भागतं.

सातारचा_गडी

एवढा हिशेब कशाला? मी ६०, १००, १४०, वीस-वीसच्या प्लेट लावत जातो. ६० चे पाच, १०० चे तीन, पुढे काम चालू. तीन मिनिटांत मोकळा. माझे १४० चे पाच सेट पाच-पाचचे व्यवस्थित होतात.

तांबडीमाती

तुमचा मॅक्स किती आहे?

सातारचा_गडी

२१५.

तांबडीमाती

मग १४० तुमच्यासाठी मॅक्सच्या ६५ टक्के झाले, हिंजवडीकरांसाठी ८५. तुमचे १४० म्हणजे त्यांचे साधारण १०७.५. तिथे तुमची चढण पुरते, माझी तक्रार नाही. हीच चढण १८५ साठी करून बघा, १०० वरून एकदम १८५. पहिल्या रेपला खाली जाताना अंग आपोआप आखडतं आणि बैठक वरच थांबते. मुलांचे व्हिडिओ पाहताना हे मला सारखं दिसतं: शेवटची उडी मोठी असेल तर पहिल्याच रेपला खोली कमी, तिसऱ्या रेपला नीट. मधल्या काळात कुणी लवचीक झालेला नसतो, वजनाची सवय व्हायला दोन रेप गेलेल्या असतात. त्या रेप वॉर्मअपमध्येच व्हायला हव्या होत्या.

सातारचा_गडी

१८५ ला मी मध्ये १४० घेतो. म्हणजे उडी ४५ ची. खोलीचं खरं आहे, पहिली रेप वर राहते असं मलाही लोक सांगतात. मी समजायचो की बूट नवीन आहेत म्हणून.

रानजाई

माझं उलट आहे. माझा कामाचा सेट ५० किलोचा. आमच्या ट्रेनरने जड मारणाऱ्यांसारखीच पाच पायऱ्यांची चढण दिली आहे: रॉड, ३०, ३५, ४०, ४५, सगळीकडे आठ-आठ. ५० पर्यंत पोचेपर्यंत मी थकलेली असते. जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट २.५ ची. मला एवढ्या पायऱ्या लागतात का?

तांबडीमाती

नाही, ताई. रॉड २० किलोचा असेल तर तुमच्यासाठी तो रिकामाच ४० टक्के आहे. हिंजवडीकरांना तिथे पोचायला ६० किलो लावावे लागतात. म्हणजे तुमची पहिली पायरी रॅकवर आयतीच ठेवलेली आहे. रॉडचे आठ दोनदा करा, खाली बसल्यावर क्षणभर थांबून खुबे मोकळे होताहेत का बघा. मग ३५ चे चार, ४५ चा एक किंवा दोन, आणि ५०. एका बाजूला ५ आणि २.५, मग आणखी ५, मग आणखी २.५, इथेही काही काढावं लागत नाही. जसजसं वजन वाढेल तशी पायरी वाढवा. ७०-८० ला एक जास्त, १०० च्या पुढे आणखी एक. सेटची संख्या माणसाच्या उत्साहावरून ठरत नाही, रिकामा रॉड आणि कामाचं वजन यांत किती अंतर आहे त्यावरून ठरते.

आणि तो रॉड एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. साध्या जिममध्ये २० म्हणून ठेवलेला रॉड १५ चाही निघतो. स्त्रियांचा ऑलिंपिक रॉड १५ किलोचाच असतो, हातात किंचित बारीक लागतो.

रानजाई

आज काट्यावर ठेवला. १६ भरला. म्हणजे माझे ५० मुळात ४६ आहेत. थोडं वाईट वाटलं. चढण तुम्ही सांगितल्यासारखी केली, ४५ चा एकच घेतला. त्यानंतरचा पहिला सेट आधीपेक्षा नक्की हलका गेला.

ओहायोकर

इथे थंडीत माझं गराज शून्याच्या खाली असतं, म्हणून माझी चढण खालच्या टोकाला लांब आहे. रॉडचे चार सेट, मग ६० चे दोन. वर मात्र तीच, तेवढीच. थंडी किंवा पहाट असेल तर हलक्या वजनावर सेट वाढवावेत, जड वजनावर वाढवून काही मिळत नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात रॉडचा एक सेटही पुरत असेल.

दुसरं असं की शेवटचा सिंगल कामाच्या वजनापेक्षा थोडा जड घेऊन बघा. हिंजवडीकरांनी १२५ नंतर १४७.५ चा एक घ्यावा, मग १४० वर यावं. खांद्यावर घेतल्यावर १४० हलके वाटतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. मी वर्षभर तसंच करतोय.

तांबडीमाती

हलकं वाटतं, हे मलाही मान्य. पण ते कुणासाठी, त्यावर आहे. आठ-आठ रेपचा दिवस असेल आणि वजन मॅक्सपासून बरंच खाली असेल, तर जड सिंगल मीही घेतो, त्याचा भार जाणवत नाही. हिंजवडीकरांचे १४० चे पाच आधीच त्यांच्या मर्यादेजवळ आहेत. १४७.५ म्हणजे मॅक्सच्या ९० टक्क्यांजवळ. तिसरा सेट पुरा होत नसताना तो सिंगल घेणं मला पटत नाही.

ओहायोकर

एक रेपने एवढा थकवा येत नाही. मी कामाचे सेटही मर्यादेजवळच मारतो आणि मला फायदाच होतो.

तांबडीमाती

तुम्हाला होत असेल, तुम्ही बरीच वर्षं करताय आणि तुमचा सिंगल सफाईदार असणार. नवख्याचा ९० टक्क्यांचा सिंगल बऱ्याचदा ओढूनताणून वर येतो, आणि तसा आला की पुढचा सेट मनात आधीच हरलेला असतो. मी तरी त्यांना सांगणार नाही.

आकडेमोड

माझी चूक समजली, मॅक्स आणि कामाचं वजन यांत गल्लत होती. मग नियम असा धरू का: कामाच्या वजनाच्या ४०, ६५, ८० आणि ९० टक्के, रेप ५, ३, २, १?

तांबडीमाती

साधारण हाच. फक्त टक्क्याला चिकटून ९१ किलो जमवत बसू नका, प्लेटला सोयीचा जवळचा आकडा घ्या. २०० च्या पुढे गेलात की ६५ आणि ८० यांच्यामध्ये एक पायरी लागेल, कारण तिथे टक्के लहान दिसले तरी किलोत उडी ३०-४० ची होते.

स्पर्धेत हेच उलट मोजावं लागतं. समजा पहिली उचल १८०. स्पर्धेत रॉडला अडीच-अडीच किलोच्या कॉलर लागतात, म्हणजे सुरुवातच २५ पासून. मग २५ च्या लाल प्लेट लावून ७५ चे पाच, पुढे ११५ चे तीन, १४५ चे दोन, १६५ चा एक. वेळ शेवटाकडून मागे मोजायची: बाहेर प्रत्येक उचलीला साधारण एक मिनिट धरलं, तर आपल्या आधी सात-आठ जण उरलेले असताना १६५ आटपलेलं हवं. लवकर केलं तर अंग गार पडतं, उशीर झाला तर धापा टाकत मंचावर जावं लागतं. वॉर्मअपच्या खोलीत एका रॅकवर पाच-सहा जण असतात, तिथे प्रत्येकाला हवं ते वजन मिळत नाही. १४५ ऐवजी १५० लावलेले असतील तर एकच रेप घ्यायची आणि पुढे जायचं.

हिंजवडीकर

नवीन चढण काही वेळा करून पाहिली, सेटमध्ये चार मिनिटं थांबलो. १४० चा पहिला सेट आता पाचव्या रेपलाच जड होतो. तिसऱ्या सेटला काल पाच झाल्या, त्याआधी एकदा चार. वॉर्मअप बदलल्याने किती आणि विश्रांतीने किती, हे मला वेगळं सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच बदललं.

एक प्रश्न उरला. काल ६० चेच पाच जड वाटले. दिवसभर खुर्चीत बसून होतो. असं झालं की त्या दिवशी वजन कमी करावं का?

सातारचा_गडी

६० जड वाटले तर घरी जावं.

तांबडीमाती

नको, ६० वरून ठरवू नका. दिवसभर बसून आलेल्या माणसाला पहिले दोन सेट जड वाटतातच, पुढे अंग सुटलं की तोच दिवस चांगला निघतो. अशा दिवशी रॉडचा आणि ६० चा एक-एक सेट वाढवा. निर्णय फक्त शेवटच्या सिंगलवर घ्या. १२५ नेहमीच्या वेगाने वर आला तर १४० लावा. खालून उठताना अडकला, किंवा कंबर आधी वर येऊन छाती मागे राहिली, तर १३५ वर या आणि तीन सेट पूर्ण करा. बेल्ट वापरत असाल तर १२५ ला लावलेलाच हवा, नाहीतर तुलना चुकते.

आखडणं आणि दुखणं वेगळं ओळखा मात्र. आखडलेलं असेल तर सेटागणिक कमी होतं. गुडघ्यात किंवा पाठीत एका जागी टोचतंय आणि ९०, ११० असं वजन चढेल तसं वाढतंय, तर त्या दिवशी स्क्वॉट तिथेच थांबवायचा.

रानजाई

स्क्वॉटनंतर लगेच डेडलिफ्ट असेल तर परत रॉडपासून सुरुवात करायची का? माझं कामाचं वजन ७० आहे.

तांबडीमाती

नाही. अंग तापलेलं असतं, फक्त हालचाल बदलते. ४० चे चार, ६० चा एक, मग ७०. ४० ला लहान प्लेट लागतील आणि रॉड जमिनीच्या जास्त जवळ राहील, म्हणून खाली जाड रबर किंवा दोन-दोन प्लेट ठेवून त्यावर ठेवा, म्हणजे उचलायची उंची ७० ला असते तेवढीच मिळेल. तुमचा रॉड १६ चा आहे हे हिशेबात धरा.